भेट काल झाली, मेसेज आज जाऊ दे

ताई, आमचा पुठ्ठ्याच्या पॅकिंगचा छोटा व्यवसाय आहे. मागच्या महिन्यात एका प्रदर्शनात काचेचे दिवे बनवणाऱ्या कंपनीच्या खरेदी प्रमुख मॅडमशी बराच वेळ बोलणं झालं. ग्राहकाकडून परत येणारा माल फार फुटतो, ही त्यांची अडचण. दोनदा वापरता येईल अशा खोक्याचा आराखडा पाठवतो, असं मी म्हणालो. लगेच मागे लागल्यासारखं दिसू नये म्हणून नऊ दिवस थांबलो आणि मग लिंक्डइनवर नुसती रिक्वेस्ट टाकली. ती अजून तशीच पडून आहे. लवकरच दुसरं प्रदर्शन आहे. सगळे म्हणतात, चोवीस तासांत मेसेज टाका. पण तो उतावीळपणा नाही का वाटत? आणि लिहायचं तरी काय?
— एक वाचक

नमस्कार,

मी बरीच वर्षं खरेदी विभागात होते. म्हणजे तुमच्या त्या मॅडम ज्या खुर्चीत बसतात, त्याच खुर्चीत. त्यामुळे आधी तुमची रिक्वेस्ट तिकडून कशी दिसते ते सांगते.

प्रदर्शन संपवून माणूस ऑफिसात परततो तेव्हा त्याच्या लिंक्डइनवर रिक्वेस्टची रांग लागलेली असते. एक नाव, बोटाच्या नखाएवढा फोटो आणि हुद्द्याची एक ओळ. बस्स. फोटो बहुतेकदा जुना असतो आणि प्रदर्शनात त्या चेहऱ्यावर चष्मा असतो किंवा दाढी असते. कंपनीचं नाव वाचून काही आठवत नाही, कारण स्टॉलवर बोलणं कंपनीच्या नावावर झालेलं नसतं, ते खोक्याच्या कोपऱ्यावर झालेलं असतं. मग तो माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो : काही न आठवता स्वीकारतो, किंवा ‘नंतर बघू’ म्हणून तशीच ठेवतो. तुमची दुसऱ्या प्रकारात गेली आहे. यात त्यांचा राग नाही, नकारही नाही. नऊ दिवसांनी, एका शब्दाशिवाय आलेल्या नावाचं काय करायचं हे त्यांना कळलेलं नाही, एवढंच.

आता एका दिवसाचा हिशेब कुठून आला ते बघू. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून १८८५ साली विस्मरणाचा आलेख मांडला. अर्थ नसलेले अक्षरगट तो पाठ करायचा आणि ठरावीक वेळाने तेच पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात हे मोजायचा. तासाभरात निम्म्याहून अधिक फायदा गेलेला असे, एका दिवसाने सुमारे दोन तृतीयांश. आणि पुढे गंमत अशी की उतार एकदम मंदावतो. महिन्यानंतरही पाचव्या हिश्श्याच्या आसपास काहीतरी शिल्लक राहतं. माणसांमधलं बोलणं म्हणजे निरर्थक अक्षरं नव्हेत, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे तुमच्या भेटीला लावू नका. पण आलेखाचा आकार लक्षात ठेवा. सगळ्यात मोठी घसरण पहिल्या दिवसातच होते, आणि त्या दिवसात कुणी तीच गोष्ट पुन्हा समोर ठेवली तर ती टिकते. तुमचा मेसेज नेमकं तेच काम करतो.

दुसरं कारण मला त्याहून मोठं वाटतं, कारण ते तुमच्याच बाजूचं आहे. नऊ दिवसांनी तुम्ही काही लिहिलं नाहीत ते केवळ संकोचाने नसावं. तोवर लिहिण्यासारखा तपशील तुमच्याही हातून निसटला असणार. ‘परत येणारा माल फुटतो’ हे तुम्हाला आठवतंय. पण त्या नेमकं काय म्हणाल्या, कुठला दिवा, खोक्याचा कुठला भाग, हे पत्रात कुठेच नाही. नऊ दिवसांनी माणूस लिहितो ते मोघम असतं, आणि मोघम लिहायला लाज वाटते म्हणून तो काहीच लिहीत नाही.

तिसरी गोष्ट ऑफिसची. प्रदर्शनाहून आल्यावर पहिल्या-दुसऱ्या दिवशी आम्हाला वरिष्ठांना सांगावं लागायचं की काय पाहिलं, कोण भेटलं, कुणाकडून नमुने मागवायचे. व्हिजिटिंग कार्डांची छाननी त्याच वेळी होते. त्या छाननीच्या वेळी समोर असलेला मेसेज कामाचा भाग बनतो. छाननी आटोपल्यावर आलेला मेसेज नव्याने जागा शोधत बसतो.

उतावीळपणाचं म्हणाल, तर तो मेसेज कधी आला यावरून कळत नाही, त्यात काय मागितलं यावरून कळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आलेला आणि काहीच न मागणारा मेसेज वाचून मला कधी कुणी घाईचं वाटलं नाही. उलट तीन आठवड्यांनी येऊन ‘उद्या पंधरा मिनिटं फोनवर बोलू या का’ विचारणारा माणूस मात्र वाटायचा.

मेसेजची खरी तयारी प्रदर्शनातच होते, हे कृपा करून पुढच्या वेळी विसरू नका. बोलणं संपलं की दुसऱ्या स्टॉलकडे वळण्याआधी बाजूला व्हा आणि फोनमध्ये किंवा कार्डाच्या मागे तीन गोष्टी लिहून ठेवा. एक, त्यांनी सांगितलेली एखादी नेमकी गोष्ट, शक्यतो त्यांच्याच शब्दांत. दोन, तुम्ही काय देतो म्हणालात. तीन, त्या पुढे कुठल्या मार्गाने बोलायला तयार होत्या. तिसरी गोष्ट लोक हमखास सोडतात. ‘मला मेल करा’ असं कुणी स्पष्ट म्हटलं असेल तर मेलच करायचा. लिंक्डइन तिथे पहिलं नाही. आणि तीनही ठिकाणी एकाच दिवशी, म्हणजे लिंक्डइन, मेल आणि व्हॉट्सअॅप, असं तर मुळीच नाही. तेवढं मात्र खरोखर मागे लागल्यासारखं दिसतं.

आता तुमचंच उदाहरण घेऊन पुढे जाऊ. समजा, भेट काल दुपारी झाली आहे आणि तुमच्या टिपणात असं आहे : ‘माल जाताना फारसा फुटत नाही, परत येताना फुटतो. ग्राहक खोकं फाडून उघडतो, मग परत करताना दिवा कशातही भरतो. सध्याच्या पुरवठादाराचा पुठ्ठा हलका, त्यावर नाराज. एका पानाचा आराखडा पाठवायचा. लिंक्डइन चालेल म्हणाल्या.’

यातली एक ओळ मेसेजमध्ये कधीही जाता कामा नये, आणि ती म्हणजे पुरवठादाराची. नेमकी हीच ओळ लिहायचा मोह सगळ्यात जास्त होतो, कारण तुमच्या धंद्याच्या दृष्टीने तीच मोलाची आहे. पण स्टॉलवर उभ्याने बोलताना माणूस जे बोलतो ते लेखी व्हावं अशी त्याची इच्छा नसते. त्या मॅडम तुमचा मेसेज सहकाऱ्याला दाखवतील, कदाचित फोटो काढून पुढे पाठवतील. त्यात ‘तुमचा सध्याचा पुरवठादार हलका पुठ्ठा वापरतो असं तुम्ही म्हणालात’ हे वाक्य असेल तर ते त्यांच्या अंगाशी येऊ शकतं. मग तो मेसेज कुठेही पाठवता येत नाही आणि तिथेच विषय संपतो. अडचण लिहा, पण ती कुणाच्या चुकीमुळे आली ते लिहू नका.

कळ दाबण्याआधी दोन मिनिटं त्यांचं प्रोफाइल बघा. तिथली हालचाल जुनी असेल, म्हणजे बऱ्याच काळात काही लिहिलेलं नाही, कुणाला प्रतिसाद नाही, तर त्या तिथे फारशा येत नाहीत असं धरा आणि मेल करा. तिथे असतील तर पुढे व्हा, पण सावकाश. फोनवरच्या अॅपमध्ये Connect दाबलं की बऱ्याचदा रिक्वेस्ट काही न विचारता निघून जाते. तुमच्या बाबतीत हेच झालं असण्याची शक्यता आहे. फोनवर शेजारच्या तीन टिंबांच्या यादीत Personalize invite शोधा. कॉम्प्युटरवर Connect दाबल्यावर Add a note असा पर्याय समोर येतो. मी तरी हे काम कॉम्प्युटरवरच करा असं सांगेन, कारण लिहिलेलं नीट वाचता येतं. काहींच्या प्रोफाइलवर समोर फक्त Follow दिसतं. तिथे Connect हे More च्या यादीत दडलेलं असतं. Follow दाबून समाधान मानू नका, त्यातून त्यांच्यापर्यंत एक शब्दही पोहोचत नाही.

ही चिठ्ठी लहान असते. बिनपैशाच्या खात्यावर सध्या २०० अक्षरांची मर्यादा आहे, पैसे भरून घेतलेल्या खात्यावर ३०० ची. शिवाय बिनपैशाच्या खात्यावर अशा चिठ्ठ्या महिन्याला मोजक्याच पाठवता येतात. म्हणून प्रदर्शनात भेटलेल्या प्रत्येकावर त्या उधळू नका. ज्यांच्याशी खरंच काही बोलणं झालं त्यांच्यासाठी ठेवा. आणि मराठीत लिहिणार असाल तर एक लक्षात असू द्या. अशा मोजणीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, सगळं वेगळं धरलं जातं. ‘नमस्कार’ आपल्याला चार अक्षरांचा वाटतो, तिथे तो सात होतो. त्यामुळे २०० अक्षरं म्हणजे प्रत्यक्षात तीन-चार छोटी वाक्यं.

त्यात असं लिहिता येईल :

“नमस्कार मॅडम, काल प्रदर्शनात परत येणाऱ्या दिव्यांच्या पॅकिंगबद्दल आपण बोललो. दोनदा वापरता येणाऱ्या खोक्याचा आराखडा पाठवतो म्हणालो होतो. तो तयार आहे. जोडले गेलो की इथेच पाठवतो.”

हे मोजलं तर १७५ च्या आसपास भरतं. यात तुमची कंपनी, तुमचा अनुभव, तुमची उत्पादनं यांतलं काही नाही, आणि ते मुद्दाम वगळलं आहे, कारण नावाखालची ओळ आणि प्रोफाइल ते काम करतात. ‘आपल्याला भेटून खूप आनंद झाला’ हेही नाही. ते वाक्य वाईट नाही, पण ते कुणालाही लिहिता येतं आणि इथे जागा नाही. ‘परत येणाऱ्या दिव्यांच्या’ हे तीन शब्द मात्र त्या दिवशी त्यांच्याशी बोललेल्या शंभर जणांपैकी बहुधा तुम्हालाच लिहिता येतील. त्या तीन शब्दांवर त्यांना स्टॉल आठवेल, खोकं आठवेल, तुम्ही आठवाल. आणि शेवटच्या वाक्यात रिक्वेस्ट स्वीकारण्याचं कारण आहे : पलीकडे काहीतरी त्यांच्या कामाचं तयार ठेवलेलं आहे. आराखडा खरोखर तयार असेल तरच ‘तयार आहे’ म्हणा. नसेल तर ‘बुधवारपर्यंत पाठवतो’ लिहा आणि बुधवारी पाठवा.

मोघम मेसेज कसा कळतो ते एका प्रसंगावरून सांगते. एका प्रदर्शनानंतर मी आणि माझी सहकारी जेवणाच्या सुट्टीत फोन बघत बसलो होतो. तिला आलेला मेसेज तिने वाचून दाखवला, ‘आपल्याशी झालेली चर्चा अत्यंत उद्बोधक होती.’ माझ्या फोनवर त्याच माणसाचं तेच वाक्य होतं, स्वल्पविरामासकट. माझ्याशी तर त्याची चर्चाच झाली नव्हती, मी फक्त त्याच्याकडून पत्रक घेतलं होतं. एकाच कंपनीतल्या दोघींना तुम्ही भेटला असाल तर त्या दोघी बोलणार, हे धरूनच चाला. आणि ज्याच्याशी बोलणं झालंच नाही त्याला तसं सरळ लिहा : ‘काल तुमच्या स्टॉलवर पत्रक घेतलं, बोलायला वेळ मिळाला नाही, त्यातल्या अमुक गोष्टीबद्दल जाणून घ्यायचं आहे.’ हे खरं आहे आणि पुरेसं आहे.

चोवीस तास कुठून मोजायचे, हा प्रश्न पुढच्या प्रदर्शनात पडेल. भेट झाल्यापासून मोजा, प्रदर्शन संपल्यापासून नव्हे. तीन दिवसांचं प्रदर्शन असेल आणि भेट पहिल्या दिवशी झाली असेल तर दुसऱ्या दिवशी चिठ्ठी जायला हवी. उत्तराची अपेक्षा मात्र तिसरा दिवस उलटेपर्यंत ठेवू नका, त्या अजून स्टॉलच्या गर्दीत आहेत. माझी पसंती दुसऱ्या दिवशी सकाळची, कामाचा दिवस सुरू होतानाची. त्याच रात्री पाठवलेला मेसेज दमलेला माणूस प्रवासात वाचतो, बोटाने वर सरकवतो आणि सकाळी तो ‘वाचलेला’ असतो. भेट आठवड्याच्या शेवटच्या दिवशी झाली असेल तर चिठ्ठी सुट्टीतही जाऊ द्या, ती शांतपणे वाट बघेल. मोठा मेसेज आणि जोडपत्र मात्र कामाच्या दिवशीच.

काही वेळा स्टॉलवरच दोघं फोन काढतात आणि लिंक्डइनच्या अॅपमधला क्यूआर कोड दाखवून तिथल्या तिथे जोडले जातात. तसं झालं तर उत्तमच, पण मग बरेच जण समजतात की काम झालं. ते झालेलं नसतं. तुम्ही त्यांच्या यादीत आहात, पण एक शब्दही लिहिलेला नाही; पंधरा दिवसांनी त्या नावाचं तेच होणार जे कोऱ्या रिक्वेस्टचं होतं. फायदा एवढाच की आता २०० अक्षरांची अट नाही. जोडलेल्या माणसाला साधा मेसेज लांबीची चिंता न करता पाठवता येतो. म्हणून तिथे चिठ्ठीची पायरी गाळून दुसऱ्या सकाळी थेट खालच्यासारखा मेसेज लिहायचा.

कारण चिठ्ठी हे फक्त दार आहे. त्यांनी रिक्वेस्ट स्वीकारली, मग ती तासाभराने असो की चौथ्या दिवशी, त्याच दिवशी दुसरा मेसेज गेला पाहिजे. तो असा :

“धन्यवाद मॅडम. म्हणालो होतो तो आराखडा सोबत जोडला आहे, एकच पान आहे. माल जाताना कमी आणि परत येताना जास्त फुटतो असं तुम्ही म्हणालात, त्यावरून खोकं फाडावं न लागता उघडेल आणि आतल्या कप्प्यात दिवा पुन्हा तसाच बसेल अशी रचना केली आहे. एक विचारायचं होतं : परत येणाऱ्यांत टेबलावरचे दिवे जास्त असतात की लटकते? कप्प्याची उंची त्यावर ठरेल. सवडीने सांगितलंत तरी चालेल.”

या मेसेजमध्ये प्रश्न एकच आहे आणि त्याचं उत्तर एका शब्दात देता येतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ‘आपल्या पॅकिंगच्या गरजा काय आहेत?’ असं विचारलंत तर त्याचं उत्तर द्यायला अर्धा तास लागेल, म्हणून ते कधीच मिळणार नाही. ‘टेबलावरचे की लटकते’ याचं उत्तर लिफ्टची वाट बघताना देता येतं. शिवाय तो प्रश्न खोटा नाही. तुम्हाला ते माहीत असल्याशिवाय कप्पा बनवताच येणार नाही, आणि अनुभवी खरेदीवाल्याला खरा प्रश्न लगेच ओळखता येतो. जोडपत्र एका पानाचं ठेवा आणि त्याच्या फाइलला नीट नाव द्या, कारण ती पुढे कुणाकडे तरी जाणार आहे. कंपनीचं बारा पानी माहितीपत्रक यात घुसडू नका. दरपत्रक तर नकोच, अजून मापही ठरलेलं नाही.

मधल्या काळात तुमच्या अडकलेल्या रिक्वेस्टचं काय, तेही सांगून टाकते. पाठवलेल्या रिक्वेस्टला मागाहून चिठ्ठी जोडता येत नाही. ती मागे घेतलीत तर त्याच व्यक्तीला पुन्हा पाठवायला तीन आठवड्यांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणजे घाईघाईने मागे घेऊन लगेच नवी टाकू म्हणाल तर हाती काहीच राहणार नाही. ती तशीच राहू द्या आणि कार्डावरच्या मेलवर लिहा. विषयाच्या जागी ‘परत येणाऱ्या दिव्यांसाठी खोकं : म्हणालो होतो तो आराखडा’ आणि आत वरच्यासारखंच चार ओळींचं पत्र. उशिराबद्दल अर्धं वाक्य पुरे : ‘पाठवायला उशीर झाला, त्याबद्दल क्षमस्व.’ कारणं देऊ नका, मध्यंतरी कामाचा फार व्याप होता वगैरे. शेवटी ‘लिंक्डइनवर रिक्वेस्ट माझीच आहे’ एवढं लिहा, म्हणजे नाव आणि खोकं यांचा मेळ त्यांना लागेल. मला वाटतं रिक्वेस्ट त्यानंतर स्वीकारली जाण्याची शक्यता चांगली आहे, कारण आराखड्याची गरज महिन्याभरात संपलेली नसते. माल अजूनही फुटून परत येतच असणार.

आता उत्तर आलं नाही तर. चिठ्ठी स्वीकारली, आराखडा पोहोचला आणि पुढे शांतता, असं वारंवार होतं. पहिले सात-आठ कामाचे दिवस काहीही करू नका. मग एकच मेसेज, आणि त्यात नवीन काहीतरी असलं पाहिजे. ‘माझा मेसेज पाहिलात का?’ यात नवीन काही नाही, उलट वाचणाऱ्याला अपराधी वाटतं, आणि ज्याच्यामुळे अपराधी वाटतं त्याला माणूस टाळतो. तुम्ही मात्र लिहू शकता : ‘दोन्ही उंचींचे नमुने करून बघितले. लटकत्या दिव्याच्या कप्प्यात खालचा कोपरा दाबला जात होता, तो बदलला. फोटो जोडतोय.’ हे तुम्ही खरंच केलेलं असेल तरच, अर्थात. त्यावरही उत्तर नाही आलं तर थांबा. जोडलेले आहात, तुमचं काम तुम्ही तिथे अधूनमधून मांडत राहिलात तर त्यांच्या नजरेला पडत राहील. व्यक्तिगत मेसेज तिसरा नको. त्यांच्या कंपनीत वर्षाची खरेदी ठरण्याचा काळ वेगळा असू शकतो, किंवा निर्णय त्यांच्या हातात नसेल. ते तुम्हाला बाहेरून दिसणार नाही.

आणि उत्तर आलं, समजा एकच शब्द, ‘लटकते’, तर त्यावर खूश होऊन लांबलचक आभार लिहू नका आणि लगेच भेटही मागू नका. त्या उत्तराचा उपयोग केलेला दिसू द्या. कप्प्याचं माप बदला, बदललेलं पान त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पाठवा आणि मग विचारा : ‘पाच नमुने पाठवू का? तुमच्याकडे परत आलेल्या दिव्यांवरच घालून बघता येतील. पत्ता आणि कुणाच्या नावाने पाठवायचे तेवढं कळवा.’ हे विचारण्याचा हक्क तुम्हाला तोवर मिळालेला असेल, कारण दोन वेळा तुम्ही म्हटलेलं दिलं आहे. ‘कुणाच्या नावाने’ हे शब्द गाळू नका. बऱ्याचदा त्याचं उत्तर म्हणून गोदामाच्या किंवा गुणवत्ता तपासणीच्या माणसाचं नाव मिळतं, आणि खोकं चालणार की नाही हे प्रत्यक्षात तोच ठरवणार असतो. नमुने त्याच्या हाती पडले की त्यालाही त्याच दिवशी दोन ओळी लिहा : कोणी पाठवायला सांगितले, आणि कोपरा कुठे दाबून बघायचा.

— तुमची ताई